आधी बाकीच्यांचं होऊ दे

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. माहेरी म्हणायचे, हिच्या नाकाच्या शेंड्यावरच राग असतो. सासरी कुणी असं तोंडावर म्हटलं नाही, पण सासूबाई माझा चेहरा बघून पटकन चहाचं आधण ठेवायच्या. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे त्यात चिडचिड दिसली तर ती माझीच आहे, आणि एवढी वर्षं होऊन गेली तरी ती कमी झालेली नाही.

तारीख-वार लिहून ठेवायची मला सवय नाही, तेव्हा साल अंदाजानेच सांगते. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. आम्ही ठाण्याला कोपरीत राहायचो आणि मी वागळे इस्टेटमध्ये मिक्सर बनवणाऱ्या एका कंपनीत टायपिस्ट होते. मार्केटिंग डिपार्टमेंटची सगळी पत्रं, सगळे रिपोर्ट माझ्याच मशीनवरून जायचे. त्यातला एक रिपोर्ट दर शनिवारी मला छळायचा. तो कल्याण-डोंबिवलीच्या एरियाचा.

तो एरिया बघणारा सेल्समन माणूस म्हणून वाईट नव्हता. पण रिपोर्टात लिहायचा काय, तर ‘गृहिणींना रस नाही’. ‘डेमो दिला, प्रतिसाद नाही’. अरे, नसेल कसा? माझं माहेर डोंबिवलीचं. मला माहीत होतं ना तिथे बायका काय करतात, कधी करतात. हा बाबा दुपारी दीडला जाऊन बेल वाजवायचा. तेव्हा बाई नुकती जेवून, भांडी आवरून जरा आडवी झालेली. तिला उठवून हा ओल्या खोबऱ्याची चटणी वाटून दाखवणार. मी असते तर मीपण दार आपटलं असतं. आणि ते ‘प्रतिसाद नाही’ मला टाइप करायला लागायचं, कार्बन लावून, तीन प्रतींत.

मला तो एरिया हवा होता. एवढंच. मला साहेब व्हायचं नव्हतं, केबिन नको होती. पिशवीत मिक्सर घेऊन डोंबिवलीतल्या माझ्या ओळखीच्या गल्ल्यांमधून फिरायचं होतं.

मार्केटिंगच्या साहेबांना मी तसं सांगितलं. ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण म्हणायचं. म्हणाले, "बाई, तुमच्याकडे क्वालिफिकेशन काय आहे? टायपिंगचं. मार्केटिंगचा डिप्लोमा करा, मग बघू." ‘मग बघू’ या दोन शब्दांवर मी दोन-तीन वर्षं काढली.

संध्याकाळचा क्लास नौपाड्यातल्या एका शाळेत भरायचा. सकाळी तिथे चौथीची पोरं बसायची, संध्याकाळी आम्ही, त्याच बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन. बहुतेक पुरुष. बायका दोघी, त्यातली दुसरी दिवाळीनंतर आलीच नाही.

क्लासला जायचं म्हणजे घरी संध्याकाळचा स्वयंपाक कोण करणार, हा प्रश्न होता. तो मी विचारायच्या आधीच सासूबाईंनी सोडवून टाकला. "मी करीन. तू जा. मला काय, पाटा आहे, वरवंटा आहे." आमच्या बिल्डिंगीत कुणाचीच सून तोवर संध्याकाळी क्लासबिसला गेलेली नव्हती. शेजारच्या काकूंनी जिन्यात विचारलंसुद्धा, "रात्री आठ-आठ वाजता सून बाहेर, बरं दिसतं का हो?" आई म्हणाल्या, "मला तर बरं दिसतं." सासूबाईंना मी आईच म्हणायचे.

आता पाटा-वरवंट्याचं सांगायलाच हवं. मी मिक्सरच्या कंपनीत. स्टाफला सवलतीत मिळतो म्हणून एक मिक्सर मी हौसेने घरी आणलेला. तो खोक्यातच माळ्यावर गेला. आई त्याला हात लावायच्या नाहीत. "त्याची चटणी कोमट होते आणि चवीला पत्र्यासारखी लागते," म्हणायच्या. मी किती डोकं फोडलं! शेवटी हात टेकले. माझ्याच घरात माझ्याच कंपनीच्या मालाला गिऱ्हाईक नव्हतं.

तर क्लास. सर टापटीप, पूर्ण बाह्यांचा शर्ट, खडूचा एक कणही अंगावर नाही. एके दिवशी त्यांनी फळ्यावर एक टेकडी काढली. दोन्ही बाजूंनी उतरती, मध्ये उंच. म्हणाले, कुठलीही नवी वस्तू बाजारात आली की सगळे लोक ती एकदम घेत नाहीत. मग त्या टेकडीचे उभे पाच खाने केले. डावीकडे अगदी चिंचोळा खाना, तो इनोव्हेटरचा. शंभरात अडीच. ही माणसं धाडसी. नवं म्हणून घेतात, फसलं तर फसलं. त्यानंतर अर्ली अडॉप्टर, साडेतेरा. यांना लोक मानतात, चार माणसं विचारायला येतात, हे जपून पण लवकर घेतात. मग अर्ली मेजॉरिटी, चौतीस. ही विचार करणारी माणसं, ओळखीच्यांचा अनुभव विचारून घेणारी, पण निम्म्या लोकांच्या आतच घेणारी. तिथे टेकडीचं टोक. पलीकडे लेट मेजॉरिटी, पुन्हा चौतीस. हे संशयी. बहुतेकांनी घेतल्यावर, आता आपणच मागे राहिलो म्हणून घेतात. आणि शेवटी लॅगार्ड, सोळा. परंपरेला धरून बसलेले, नव्यावर विश्वास नसलेले, सगळ्यांच्या शेवटी.

मला ते फार आवडलं. खरंच सांगते, मी त्या दिवशी घरी येईपर्यंत स्टेशनच्या पुलावरच्या प्रत्येक माणसाला खान्यात घालत होते. रोज टाइप करते ते सगळे रिपोर्ट एकदम कळायला लागले. तो आमचा सेल्समन सगळ्या डोंबिवलीला लॅगार्ड समजत होता! त्या बायका अर्ली मेजॉरिटी होत्या. त्यांना चटणी दाखवून उपयोग नाही, त्यांना शेजारणीकडे चालू असलेला मिक्सर दाखवायला हवा.

पण सरांना यातलं काही नको होतं. त्यांना परीक्षा हवी होती. परीक्षेत काय येतं, तर पाच गिऱ्हाइकांची वर्णनं आणि समोर पाच नावं. जोड्या लावा. सरांनी किल्ली दिली. "शब्द पकडा. धाडस आलं, इनोव्हेटर. मान आला, अर्ली अडॉप्टर. विचार आला, अर्ली मेजॉरिटी. संशय आला, लेट. परंपरा आली, लॅगार्ड. सोपे चार करा, पाचवा आपोआप उरतो. वाचायचीपण गरज नाही."

सरावाला आलेल्या प्रश्नांत लॅगार्ड कोण असायची सांगू? दर वेळी म्हातारी. ‘साठ वर्षांची गृहिणी’, ‘खेड्यातली आजी’. तिसऱ्यांदा ती आजी आली तेव्हा माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले.

"सर, माझ्या सासूबाई पाट्यावर वाटतात. मिक्सरला हात लावत नाहीत. पण प्रेशर कुकर आला तेव्हा त्यांनी आधी घेतलेला. बिल्डिंगीतल्या बायका शिट्ट्या मोजायला आमच्याकडे यायच्या आणि मग स्वतः घ्यायच्या. मग त्या कोण? लॅगार्ड की अर्ली अडॉप्टर?"

वर्ग हसला. सर म्हणाले, "मॅडम, परीक्षेत सासू येत नाही. जे लिहिलंय तेवढंच."

तळपायाची आग मस्तकात गेली. पण पुस्तक उघडलं तर तिथे होतंच की, एकच माणूस एका वस्तूला पुढे आणि दुसरीला मागे असू शकतो. खाना माणसाचा नाही, त्या वस्तूपुरता असतो. वय बघायचं नाही, कधी घेतलं आणि कशामुळे घेतलं ते बघायचं. आमच्या सरांनी तो परिच्छेद गाळलेला. कारण त्यावर प्रश्न येत नाही म्हणे.

परीक्षा आली. वॉशिंग मशीनवर प्रश्न होता. पाच गिऱ्हाइकं.

पहिला एक इंजिनियर. मशीनचं ऐकताच मागवलं, बिघडलं तर उघडून बघू म्हणणारा. दुसरी डॉक्टरीण, जिला सोसायटी प्रत्येक गोष्टीत सल्ला विचारते आणि जिने लवकर, पण नीट पारखून घेतलं. तिसरा बँकेतला माणूस, ओळखीच्या दोघा-तिघांना विचारून, निम्म्या लोकांच्या आधी घेतलेला. चौथा दुकानदार, हे सगळं थोतांड म्हणणारा, मजल्यावर बहुतेकांकडे आल्यावर घेतलेला. आणि पाचवे एक निवृत्त आजोबा. पंच्याहत्तरीचे, आयुष्य जुन्या पद्धतीने काढलेले. शेजारी निम्म्याहून जास्त घरांत मशीन आलं, नातेवाईक चिडवायला लागले, कपडे धुणारी बाईही मिळेना, तेव्हा घेतलं.

मी वाचलं आणि मला लख्ख दिसलं. आजोबा म्हातारे असतील, जुने असतील, पण वागले कसे? बहुतेकांच्या मागोमाग, लाजेकाजेस्तव आणि गरज पडली म्हणून. लेट मेजॉरिटी. मी तसं लिहिलंही. पेनने, स्वच्छ.

मग खाली बघितलं, तर लॅगार्ड उरलेला. दोन लेट आणि लॅगार्ड एकही नाही. सरांचा आवाज कानात, पाचवा आपोआप उरतो. म्हातारा, जुनी पद्धत, परंपरा. मी खोडलं आणि लॅगार्ड लिहिलं.

पुढचा प्रश्न होता, पाचव्या गिऱ्हाइकाला तुम्ही ही वस्तू कशी विकाल? मी दोन पानं भरून लिहिलं की लॅगार्डच्या मागे लागून फारसा उपयोग नाही, ते शेवटी येतीलच. चांगलं लिहिलेलं हो! अक्षरसुद्धा चांगलं होतं. सगळं चुकीच्या माणसाबद्दल.

हॉलच्या बाहेर जिन्यात प्रश्नपत्रिका पुन्हा बघितली. वर, प्रश्नाच्या डोक्यावर, सरळ छापलेलं होतं. एखादं नाव एकाहून जास्त वेळा येऊ शकतं, किंवा एकदाही येणार नाही. मी ती ओळ वाचलीच नव्हती. आमच्या क्लासातल्या कुणीही वाचली नव्हती. खाली पानवाल्यापाशी सगळे एकमेकांना टाळ्या देत होते, पाचवा लॅगार्ड ना, पाचवा लॅगार्ड. मला त्यांची कीव आली आणि स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटल्या. बरोबर लिहिलेलं खोडलं मी! न येणाऱ्याला दुःख नसतं. मला येत होतं.

त्या पेपरात मी थोडक्यात नापास झाले. सरांना छापलेली ओळ दाखवली, तर म्हणाले, "पेपर काढणाऱ्याने दगा दिला. दर वर्षी एकेकच येतं." दगा! मी म्हटलं, "सर, बाजारात माणसं काय एकेका खान्यातून एकेक येतात का? दोन संशयी माणसं एका मजल्यावर राहू शकत नाहीत?" सर म्हणाले, "तुम्ही फार विचार करता." पुरुष विद्यार्थ्याला ते असं म्हणाले असते का, हा विचारही मी तेव्हा केला.

घरी रडले. आईंनी चहा ठेवला. "पुन्हा बस परीक्षेला," म्हणाल्या. मी म्हटलं, "पुन्हा सहा महिने तुम्हीच रांधायचं का?" तर म्हणाल्या, "मग? पाटा काय झिजतोय?" त्या सहा महिन्यांत दुसऱ्या मजल्यावरची सून बी.एड.ला जायला लागली. तिची सासू आधी आमच्याकडे येऊन तासभर बसली होती, कसं जमवता, पोरगी हाताबाहेर जाते का, रात्री कोण आणायला जातं. आईंनी सगळं सांगितलं. मी आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसलेले, आणि ऐकता ऐकता मला हसू फुटलं. माळ्यावर मिक्सर कुजवणारी ही बाई, आणि सुनेच्या शिक्षणाला बिल्डिंगीची अर्ली अडॉप्टर. सरांना कुठून दिसणार?

दुसऱ्या वेळी प्रश्नाच्या डोक्यावरची ओळ आधी वाचली. पास झाले, चांगल्या मार्कांनी झाले. सर्टिफिकेट हातात आलं त्याच सुमारास तो सेल्समन दुसऱ्या कंपनीत गेला. कल्याण-डोंबिवली रिकामी! मला वाटलं, आता काय, उद्यापासून पिशवी खांद्याला.

दुपारचं जेवण झाल्यावर मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. सर्टिफिकेट टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट बघितलं, खूश झाले. म्हणाले, "बसा. मला सांगा, डोंबिवलीत आपला मिक्सर कुणाला विकायचा?"

मी सांगायला लागले आणि थांबलेच नाही. धाडसाने घेणारे केव्हाच घेऊन बसलेत, आता पाळी विचारून घेणाऱ्यांची आहे. मोठमोठ्या जाहिरातींनी त्या हलायच्या नाहीत. प्रत्येक बिल्डिंगीत एक बाई असते जिला बाकीच्या विचारतात. कुणाकडे भजनी मंडळ असतं, कुणी भिशी चालवते, कुणी शाळेत शिकवते. आधी तिच्या घरी मिक्सर चालू करून द्यायचा, आठ दिवस वापरू द्यायचा. आणि मग चार वाजता, दुपारची झोप झाल्यावर, तिच्याच स्वयंपाकघरात बाकीच्यांना बोलवायचं. आपण बोलायचं नाही, तिला बोलू द्यायचं. आणि चटणी नको, इडलीचं पीठ दाखवायचं, कारण त्याला हात खरे दुखतात.

साहेब लिहून घेत होते. मला काय आनंद झाला! कुणीतरी माझं बोललेलं लिहून घेतंय. इतकी वर्षं उलटं होतं.

मग त्यांनी पेनला टोपण लावलं. "फारच छान. पण कसंय बाई, हे फिरतीचं काम. अख्ख्या इस्टेटमध्ये घरगुती मालाच्या सेल्सला लेडीज अजून एक-दोघांनीच घेतल्यात. आधी बाकीच्यांचं होऊ दे. सगळ्या कंपन्यांनी घेतल्या की आपणही घेऊ. उगाच आपण कशाला?"

मला आठवतं, माझ्या डोक्यात राग येण्याआधी उत्तर आलं. सवयच लागलेली ना. मी म्हटलं, "लेट मेजॉरिटी."

"काय?"

"तुम्ही आत्ता बोललात ते. परीक्षेत आलं असतं तर लेट मेजॉरिटी. संशय आहे, आणि बहुतेकांनी घेतल्यावर घेणार."

त्यांना झोंबलं. पण माणूस मार्केटिंगचा, त्यांनी वाद घातला. "नाही नाही. अर्ली मेजॉरिटी म्हणा फार तर. आपण विचारपूर्वक पाऊल टाकतो."

"साहेब, अर्ली मेजॉरिटी निम्म्या लोकांच्या आत घेते. तुम्ही म्हणताय सगळ्यांनी घेतल्यावर."

ते खळखळून हसले. "अरे वा, पक्कं केलंय तुम्ही!" आणि सर्टिफिकेट माझ्याकडे सरकवलं. "आणि खरं सांगू का, तुम्ही गेलात तर माझं टायपिंग कोण करणार?"

मी तिथे काय करायला हवं होतं, यावर मी नंतर खूप डोकं चालवलं. राजीनामा द्यायला हवा होता? आमचे हे नुकतेच त्यांच्या कंपनीतल्या टाळेबंदीमुळे घरी बसलेले होते. मी उठले, बाहेर आले, मशीनला कागद लावला. पहिलीच ओळ तीनदा खोडावी लागली.

नवा सेल्समन आला. पोरगा चांगला, पनवेलचा, डोंबिवलीची पूर्व कुठली आणि पश्चिम कुठली हे त्याला मी कागदावर काढून दिलं. साहेबांनी त्याला बसवून सगळी योजना समजावली. बिल्डिंगीतली एक बाई, आठ दिवस, चार वाजता, इडलीचं पीठ. मी दाराशी टाचण घेत होते. साहेबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि त्यांच्या मनात काही पाप होतं असंही मला वाटत नाही. ते विसरले होते, एवढंच. ते त्याहून वाईट.

मग शनिवारच्या रिपोर्टात ‘प्रतिसाद उत्तम’ यायला लागलं. ‘एका बिल्डिंगीत सहा मागण्या’. मी टाइप करायचे. एकदा माझ्या माहेरच्या गल्लीतली बिल्डिंग आली, माझ्या मैत्रिणीची आई त्या रिपोर्टात ‘प्रभावी गृहिणी’ म्हणून आलेली. तिच्या हातचं खाऊन मी मोठी झालेले. त्या दिवशी मी जेवणाचा डबा उघडला नाही.

दर वर्षी एकदा मी साहेबांना विचारायचे. शेजारच्या गाळ्यातल्या कंपनीने घेतली हो एक मुलगी. समोरच्यांनी दोघी घेतल्या. "बघू, बघू." हळूहळू इस्टेटमध्ये खांद्याला पिशवी लावलेल्या पोरी सर्रास दिसायला लागल्या. बिस्किटवाल्यांनी घेतल्या, साबणवाल्यांनी घेतल्या. मी मनातल्या मनात आमच्या कंपनीला टेकडीवरून एकेक खाना खाली सरकवत होते. निम्मे झाले, उतार लागला, तरी हे आपले तिथेच. आमचे जुने टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले. ते मात्र आमच्याकडे इस्टेटमध्ये आधी आले बरं का. तिथे साहेब धाडसी होते. खाना माणसाचा नसतो, वस्तूपुरता असतो, हे मी शिकलेच होते.

आई तोवर थकल्या होत्या. एक दिवस त्या स्वतःच म्हणाल्या, "तो माळ्यावरचा काढ गं. मनगट ऐकत नाही आता." मिक्सर काढला, पुसला. त्यांनी चटणी केली, चाखली, आणि म्हणाल्या, "लागते पत्र्यासारखीच." पण नंतर रोज वापरला. इतक्या वर्षांनी का होईना, आमच्या घरात गिऱ्हाईक मिळालं.

शेवटी नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा साहेबांनी मला आत बोलावलं. खूप उत्साहात होते. "बाई, तुम्ही नेहमी म्हणायचात ना? आता घेऊ या. कल्याण-डोंबिवलीला लेडीज रिप्रेझेंटेटिव्ह. वरून विचारणा झाली, सगळ्यांकडे आहेत, आपल्याचकडे का नाही. घ्या, जाहिरात लिहून घ्या."

मला वाटलं, आली माझी पाळी. खरंच. चाळिशी उलटलेली बाई मी, आणि वही हातात घेताना मला त्या चौथीच्या बाकावर बसल्यासारखं वाटलं. त्यांनी सांगितलं, मी घेतलं. पदवी किंवा मार्केटिंगचा डिप्लोमा. आहे. मराठी, हिंदी उत्तम. आहे. त्या भागाची माहिती असल्यास प्राधान्य. माझ्याइतकी कुणाला असणार?

"वय तीसच्या आत," साहेब म्हणाले.

माझं पेन थांबलं. त्यांनी वर बघितलं, आणि मला वाटतं त्या क्षणी त्यांना आठवलं. सगळं आठवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "फिरतीचं काम आहे हो," असं काहीतरी पुटपुटले. वय मात्र बदललं नाही. मी बाहेर येऊन जाहिरात टाइप केली. कॉम्प्युटर होता, खोडायला काही लागत नव्हतं, आणि चूक तर एकही झाली नाही.

मुलगी निवडली गेली. कल्याणची, तरतरीत, केस बॉबकट. मला ती आवडली, हाच तर वैताग. तिच्यावर चिडता आलं असतं तर बरं झालं असतं. तिचं नेमणुकीचं पत्र मीच काढलं. ते घ्यायला ती माझ्या टेबलापाशी आली. तिच्या हातात डिप्लोमाचं पुस्तक होतं, नौपाड्यातलाच क्लास. मी विचारलं, "सर अजून सांगतात का, पाचवा आपोआप उरतो?" ती हसली. "हो! तुम्हाला कसं माहीत?" मग मी तिला म्हटलं, डोक्यावरची ओळ वाचत जा. आणि चारच्या आधी कुणाच्या दाराची बेल वाजवू नकोस. तिने दोन्ही लिहून घेतलं.

मग पत्र पर्समध्ये घालताना तिने अगदी सहज विचारलं, "मॅडम, तुम्हाला एवढं सगळं येतं, मग तुम्हीच का नाही गेलात मार्केटिंगला?"

केबिनचं दार उघडं होतं. आत साहेबांचा पंखा फिरत होता. मी म्हटलं, "मी लवकर आले होते गं."

तिला वाटलं, मी आज सकाळी लवकर आल्याचं, म्हणजे आता घरी निघायचं म्हणते आहे. ती म्हणाली, "हो ना, मलाही लवकर निघायला हवं," आणि गेली.